मामांच्या सुवाच्य अक्षरातली हकीकत

४ जून

चि. भाचीस, म्हणजे आमच्या वकीलबाईंस,

मामाचे अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. मामाने भाचीची माफी मागायची नसते हे मला कळतं. पण भाची वकील झाली की नियम बदलत असावेत. तू फोनवर माझ्या लेकीला सांगितलंस की रडून सांगितलेलं अर्जात घालता येत नाही, लग्नापासूनची सगळी हकीकत लिहून पाठव. ती औषधांच्या दुकानातून दिवसभर उभी राहून येते, कागद पुढे घेते, पेनाचं टोपण काढते आणि तशीच टेबलावर डोकं टेकून झोपते. शेवटी मीच लिहायला घेतलं. मी सातवीतून शाळा सोडली असली तरी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत. माझ्या अक्षराबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही, हे तुला ठाऊक आहे.

सोबत सहा पानं जोडली आहेत. सुरुवात लग्नापासूनच केली आहे. नोंदणी कचेरीत साक्षीदाराची पहिली सही मुलीच्या बापाची हवी होती, पण जावयाच्या मित्राने मध्येच पेन उचललं. तिथूनच मला या माणसाचं लक्षण कळलं. दुसऱ्या पानावर त्याने माझी शिडी नेली आणि पायरी मोडून परत आणली, तो प्रकार आहे. तिसऱ्यावर त्याचा स्वभाव आहे. चौथ्यावरही स्वभावच आहे. 'नराधम' हा शब्द मी लाल शाईने लिहिला आहे, म्हणजे जज्जसाहेबांची नजर चुकायची नाही.

मला रात्रंदिवस एकच घोर आहे. लेकीची टिचकी सात वर्षांची आहे. जावईबापूंची बदली लांबच्या शहरात झाली आहे आणि शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत मुलीला घेऊन जाणार, असं ते म्हणतात. न्हाव्याच्या दुकानात एकजण म्हणाला, ज्याचं घर मोठं त्याला कोर्ट पोर देतं. आमच्या दोनच खोल्या. मधली भिंत पाडली तर एक मोठी खोली होईल, ते चालेल का? दुसरा म्हणाला, जज्ज पोरीलाच विचारतात. म्हणून मी टिचकीकडून थोडी तयारी करून घेतो आहे. काल विचारलं, काय सांगशील? तर म्हणते, आजोबा घोरतात ते सांगीन. आता या पोरीपुढे मी काय कपाळ फोडून घेऊ?

लवकर उत्तर घाल, नाहीतर मी भिंतीला हात घालीन.

तुझा मामा

●

९ जून

ती. मामांस,

सा. न. वि. वि.

भिंत पाडू नका. कोर्ट चौरस फूट मोजत नाही. आई मोठी की बाप मोठा, हेही तिथे ठरत नाही. मुलीचं हित कशात आहे, एवढंच पाहतात. ती कुठे राहते, कोणत्या शाळेत जाते, सकाळी तिला कोण उठवतं, आजारी पडली की कोण बसतं, आई कामावर असताना कोण सांभाळतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आहात, तेव्हा तब्येत सांभाळा.

तुमची सहा पानं वाचली. अक्षर देखणं आहे, पण सहा पानांत टिचकी एकदाही आली नाही. शिडी तीनदा आली. 'नराधम' काढते आहे. विशेषणाला पुरावा जोडता येत नाही. 'तो बेजबाबदार आहे' म्हणून काही होत नाही. अमुक महिन्यात अमुक केलं, ते अमुक कागदावर दिसतं, असं लिहावं लागतं. शिवाय हकीकत माझ्या बहिणीचीच हवी. अर्जाखाली प्रतिज्ञापत्र असतं. त्यात शपथेवर सांगायचं की कोणतं मला स्वतःला माहीत आहे आणि कोणतं ऐकलेलं आहे. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिने कसं शपथेवर सांगायचं?

तिला म्हणावं, सुट्टीच्या दिवशी बसून स्वतः लिही. लग्न कधी झालं, कुठे राहिलात, मूल कधी झालं, वेगळे कधी झालात, का झालात. नवऱ्याच्या बाजूचं जे खरं असेल तेही लिही, कारण ते माझ्याकडून नाही कळलं तर कोर्टाला त्यांच्या वकिलाकडून कळेल. आधी कुठे अर्ज केला असेल तर तो लपवू नकोस. लग्नाचा दाखला, टिचकीचा जन्मदाखला, लसीचं कार्ड, शाळेची प्रगतिपत्रकं आणि पगाराचे कागद जोड.

आणि मामा, टिचकीला पढवू नका. कोर्टाच्या समुपदेशक बाई पढवलेली मुलं दारातूनच ओळखतात. घोरण्याचं मात्र खुशाल सांगू दे.

तुमच्या मायेची हक्कदार,
भाची

●

१६ जून

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं लिहिते.

दहा वर्षांपूर्वी मी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकले होते. ती दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मला बाहेर काढलं आणि दीड वर्षाने त्याच्याशीच मी लग्न केलं. बाबा म्हणतात, आत होतीस तेच बरं होतं. लग्न नोंदणी पद्धतीने झालं, दाखला जोडला आहे. पुढच्या वर्षी टिचकी झाली. पहिली चार वर्षं आम्ही कारखान्याजवळच्या भाड्याच्या घरात राहिलो, मग त्याने घर बदललं. 'त्याने' असं मुद्दाम लिहिते आहे. संध्याकाळी कामावरून निघाले तेव्हा त्याने नवा पत्ता फोनवर कळवला.

तो मारत नाही, दारू पीत नाही. तो विचारत नाही, एवढंच. ठरवतो आणि सांगतो. मागच्या वर्षी टिचकीची शाळा त्याने अशीच बदलली. मी जुन्या शाळेच्या फाटकापाशी तिला घ्यायला उभी होते. सगळी मुलं गेली. शेवटी शिपाईदादांनी सांगितलं की नाव परवाच काढलं. दोन्ही शाळांचे कागद जोडले आहेत, नव्या शाळेच्या अर्जावर माझी सही नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये मी कामावर असताना तो तिला घेऊन आपल्या बहिणीकडे गेला आणि दहा दिवस फोन बंद ठेवला. तेव्हा मी पोलीस चौकीत नोंद केली, तिची प्रत आहे. टिचकी परत आली त्याच आठवड्यात मी तिला घेऊन बाबांकडे आले. तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. इथल्या शाळेत ती रमली आहे. कोणत्याही कोर्टात याआधी अर्ज केलेला नाही.

तिला मी उठवते, शाळेत मी सोडते, अभ्यास मी घेते. लसीच्या कार्डावर प्रत्येक वेळी माझी सही आहे. माझी संध्याकाळची पाळी असते तेव्हा बाबा तिला शाळेतून आणतात. मागच्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा ती दवाखान्यात होती. तिथे तिचे वडील फिरकलेसुद्धा नाहीत, मीच एकटी उशाशी बसून होते.

तिने वडिलांना भेटूच नये, असं माझं म्हणणं नाही. तिला न विचारता, मला न सांगता कुणी कुठे नेऊ नये, एवढंच मागणं आहे.

तुझीच धाकटी

ता. क. वकीलबाई, हे मामाचं अक्षर ओळखलंस ना? पोरीचं अक्षर दुकानात औषधांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्या चिठ्ठ्यांसारखंच झालं आहे. मुंग्यांनी शाईत पाय बुडवून कवायत करावी तसं. म्हणून मी सगळं नव्याने उतरून काढलं. मजकूर तिचाच आहे. बोर्ड मात्र मी रंगवला.

●

१२ जुलै

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र मामांच्या हाती पडलं तरी ते उतरून काढू नका, हे त्यांना आधी वाचून दाखव.

अर्ज दाखल झाला, अंतरिम अर्जही जोडला. म्हणजे मुख्य निकाल लागेपर्यंत टिचकी तुझ्याकडेच राहावी आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला शहराबाहेर नेऊ नये. नोटीस गेली, त्यांचं उत्तरही आलं. उत्तर साधं आहे, एक परिच्छेद सोडून. त्या परिच्छेदाला दवाखान्याचे कागद जोडले आहेत. भरती करताना सही वडिलांची. घरी सोडतानाची सही वडिलांची. नर्सच्या नोंदीत तीनही दिवस एकच वाक्य: वडील सोबत आहेत.

तू मात्र शपथेवर लिहिलं आहेस की ते फिरकले नाहीत.

त्यांच्या वकिलांनी लिहिलं आहे की जी बाई हे खोटं बोलते ती शाळेचं आणि दहा दिवसांचंही खोटंच बोलत असणार. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल कारवाई व्हावी, अशीही मागणी केली आहे. तुझी बाकीची सगळी हकीकत कागदांनी सिद्ध होते, पण आता जज्ज ती या एका ओळीच्या चष्म्यातून वाचतील. तुला माझ्या ऑफिसात शेजारी बसवून एकेक परिच्छेद वाचून घ्यायला हवा होता. कामावर जायची घाई आहे म्हणालीस आणि मी सही करू दिली. वकील म्हणून ही चूक माझी आहे. पण ते वाक्य आलं कुठून, हे मला कळलंच पाहिजे. तू स्वतःच्या हाताने लिही. मुंग्या चालतील.

तुझी ताई

●

१५ जुलै

ताई,

सा. न. वि. वि.

अक्षर लागेल तसं वाच.

माझ्या मूळ कागदावर 'ती दवाखान्यात होती. तिथे' इथपर्यंतच होतं. पुढची अर्धी ओळ मी कोरी सोडली होती. खरं लिहिलं तर मुलगी हातची जाईल आणि खोटं लिहवत नव्हतं, म्हणून पेन तिथेच थांबलं. बाबांना अर्धी ओळ कोरी दिसली. त्यांच्या धंद्यात पाटीवर कोरी जागा म्हणजे कामचुकारपणा. त्यांनी ती भरून टाकली. विचारलं तर म्हणतात, जागा सुटली होती, मी शोभेसं लिहिलं. मी सही करताना वाचलं नाही. माझीच हकीकत मला काय वाचायची, असं वाटलं.

आता खरं लिहिते. त्या आठवड्यात दुकानात वर्षाची मालमोजणी होती आणि मला रजा मिळाली नाही. मी रोज संध्याकाळी तासभर जात असे. तीनही दिवस उशाशी तो होता. नर्सने सलाईन बदललं की तो नळी, गाठ आणि थेंब असा तपासत बसे, जणू काही लिफ्टचीच दोरी आहे. टिचकी त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपे. मी गेले की तो जागा सोडून उठायचा. मला सांगायचा काहीच नाही, डॉक्टर काय म्हणाले तेही नाही. ते मी फाइल उघडून वाचायचे.

ताई, तो आजारपणात चांगला बाप आहे. मूल बरं झालं की मात्र ते दोघांचं आहे, हे तो विसरतो. हे अर्जात बसतं का ते तू बघ. मुलगी माझ्याकडे राहावी असं मला अजूनही वाटतं, कारण तिची शाळा, तिचा दिवस आणि तिच्या मैत्रिणी इथे आहेत आणि तिला एका दुपारी कुणी उचलून नेऊ नये. पण त्याने एक आड एक आठवड्याला तिला न्यावं, रात्री ठेवावं, फोनवर बोलावं. मी आडवी येणार नाही. हे शपथेवर लिहून देते. या वेळी सगळं वाचून सही करीन.

तुझी धाकटी

●

१६ जुलै

चि. भाचीस,

अ. उ. आ.

मला तुरुंगात टाकणार का? स्पष्ट सांग, म्हणजे चष्म्याचा नंबर आधीच तपासून घेतो.

लेक कालपासून माझ्याशी फक्त 'जेवून घ्या' एवढंच बोलते. बायकोचा फोटो भिंतीवरून माझ्याकडे बघतो, तोही तसाच. मी काय केलं? अर्धी ओळ होती. पन्नास वर्षांत मी कुणाची अर्धी ओळ सोडली नाही. एका मिठाईवाल्याने 'शुद्ध' एवढंच लिहायला सांगितलं होतं. मी 'शुद्ध व ताजे' लिहिलं. त्याने एक पैसा जास्त दिला नाही, पण तक्रारही केली नाही. जावई दवाखान्यात होता हे मला माहीतच नव्हतं. मला घरी कोण सांगतं? मी समजलो, जो शाळा बदलतो तो दवाखान्यात कशाला बसेल.

हवं तर मी कोर्टात उभा राहतो. सांगतो की लिहिणारा हात माझा होता. पण मग जज्जसाहेबांना वाटेल का की अशा आजोबाच्या घरी पोर ठेवायची नाही? माझ्या अक्षरापायी टिचकी गेली तर मी कुणाला तोंड दाखवू? बोलावलंस तर येईन. नको म्हणालीस तर येणार नाही, पण निदान तसं कळव.

मामा

●

३ ऑगस्ट

ती. मामांस,

सा. न. वि. वि.

तुम्हाला बोलावलं नाही, कारण तुम्ही कोर्टातल्या पाट्या वाचत बसला असता आणि त्यांच्या चुका काढल्या असत्या. इथे एका फळ्यावर तीन आहेत.

तुरुंगाचं सोडून द्या. धाकटीने दुसरं प्रतिज्ञापत्र दिलं. ते वाक्य मागे घेतलं आणि त्या तीन दिवसांचं खरं जसंच्या तसं लिहिलं. वाक्य कसं आलं तेही लिहिलं. तुमचा उल्लेख 'अर्जदाराचे वयस्क वडील' असा आहे, रागावू नका. त्यांच्या वकिलांनी कारवाईचा आग्रह धरला. जज्जबाईंनी धाकटीला उभं करून चांगलं सुनावलं, की समोरच्याने दाखवल्यावर चूक सुधारली यात फार कौतुक नाही आणि शपथ म्हणजे शोभेची ओळ नव्हे.

मग त्यांनी तुमच्या जावयाला विचारलं, दुसऱ्या प्रतिज्ञापत्रातल्या तुमच्याबद्दलच्या ओळी वाचल्यात का? तो म्हणाला, "मी तिथे होतो हे हिच्या लक्षात आहे, हे मला माहीत नव्हतं." त्याच्या वकिलांनी त्याला कोपर मारलं, पण तोवर बोलून झालं होतं. शाळेचं आणि दहा दिवसांचं मात्र त्याला नाकारता आलं नाही. कागद बोलके होते. समुपदेशक बाई टिचकीशी दोनदा बोलल्या होत्या, त्यांचा अहवालही जज्जबाईंनी पाहिला.

अंतरिम आदेश असा आहे. मुख्य निकाल लागेपर्यंत टिचकी आईकडे. शाळा हीच. एक आड एक शनिवारी सकाळी वडिलांनी न्यायचं, रविवारी संध्याकाळी आणून सोडायचं, मधल्या आठवड्यात दोनदा फोन. आजारी पडली तर दोघांनी एकमेकांना लगेच कळवायचं, शाळेचे कागद दोघांनाही मिळतील. परवानगीशिवाय शहराबाहेर न्यायचं नाही, म्हणून बदलीच्या गावाहून येऊन ते इथे मित्राच्या घरी राहतील. मुलीसमोर कुणी कुणाची निंदा करायची नाही. 'कुणी'मध्ये तुम्हीही येता.

मुलीला सोडायचं-घ्यायचं ठिकाण कोणतं असावं, असं विचारण्यात आलं. जावयानेच सांगितलं, सासऱ्यांच्या घरी. जज्जबाईंनी विचारलं, तिथे तुम्हाला अडचण नाही का? तो म्हणाला, म्हातारा तिरसट आहे, पण मुलगी त्यांच्याकडे निर्धास्त असते. आदेशात फक्त पत्ता आला आहे. बाकीचं तुम्हाला कळावं म्हणून मी लिहिलं.

पहिला शनिवार या आठवड्यातलाच. दार वेळेवर उघडा.

तुमची भाची

●

५ ऑगस्ट

चि. भाचीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. 'तिरसट' हा शब्द सोडून. तो पाच वेळा वाचला.

लेक आता माझ्याशी बोलते. काल तिने टिचकीची बॅग भरली. मी म्हणालो, एका रात्रीसाठी एवढे कपडे कशाला? ती म्हणाली, बाबा, आदेशात तुमची मतं मागितलेली नाहीत. म्हणजे गाडी रुळावर आली.

पण मला काही गोष्टी आजच्या आज कळायला हव्यात. शनिवारी जावईबापू दाराशी आले तर त्यांना आत घ्यायचं की दारातच उभं करायचं? आत घेतलं तर चहा द्यावा का, आणि दिला तर त्यांचे वकील त्याचा काही अर्थ काढतील का? निंदा करायची नाही म्हणतेस. मग आम्हा दोघांत बोलायला उरलं काय? नऊ वर्षांत आम्ही शिडी सोडून कशावर बोललो नाही आणि शिडीवर बोलणं म्हणजे निंदाच. लेक त्या वेळी दुकानात असणार, म्हणजे मी एकटाच. माझ्या शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. इतकं करावं का, हेही माहीत नाही.

टिचकीला सांगितलं, शनिवारी बाबा नेणार, रविवारी परत आणणार. तिने बॅगेत रंगपेटी टाकली, काढली, पुन्हा टाकली. मग मला विचारलं की मी गेल्यावर तुम्ही काय करणार. मी म्हणालो, झोपेन आणि मनसोक्त घोरेन. ती हसली, पण बॅग उराशी धरून बसली होती. जाताना ती रडली तर मी समजावीन. त्याची मला सवय आहे. पण भाची, ती हसत गेली तर? बापाचा हात धरून, मागे वळून न बघता, उड्या मारत गेली तर मला बरं वाटायला हवं की वाईट? जज्जबाईंनी मुलीचं हित म्हटलं आहे. त्या हितासाठी म्हाताऱ्याने तेव्हा दारात कोणता चेहरा करून उभं राहायचं, हे आदेशात कुठे आहे का, ते नीट पाहून शनिवारच्या आत एका ओळीने तरी कळव. मी टपालवाल्याची वाट बघत पायरीवरच बसलो आहे.

तुझा मामा